घरच्या सोलरची जोडणी: चार वेळा बदललेला आराखडा आणि त्यामागची कारणं

२ नोव्हेंबर

घरातले दिवे, पंखे, राउटर आणि लॅपटॉप सोलरवर चालवायचे, एवढंच या कामाचं उद्दिष्ट आहे. फ्रिज, गिझर, पाण्याचा पंप यात नाहीत. तेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवते आहे. चुकाही लिहिणार आहे, कारण मला इतरांच्या नोंदींमध्ये नेमक्या त्याच सापडल्या नाहीत.

आज फक्त हिशोब केला. पाच दिवे नऊ वॅटचे, रोज पाच तास: २२५ वॅट-तास. दोन पंखे पस्तीस वॅटचे, आठ तास: ५६०. लॅपटॉप संध्याकाळी चार तास: २००. राउटर दहा वॅटचा, पण चोवीस तास चालू: २४०. एकूण १,२२५ वॅट-तास. राउटरच्या आकड्याने मला थांबवलं. सगळ्यात छोटी वस्तू, पण पाच दिव्यांपेक्षा जास्त खाते, कारण ती कधी बंदच होत नाही.

बॅटऱ्या ठरल्या: दोन ट्यूब्युलर लेड-अॅसिड, प्रत्येकी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. दोन्ही सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट. साठा ३,६०० वॅट-तास होतो, पण लेड-अॅसिड रोज निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते. म्हणून हाताशी १,८०० धरायचे. बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच बनावटीच्या घेतल्या. सिरीजमध्ये एक जुनी आणि एक नवी लावली तर जुनी आधी रिकामी होते आणि नवीला कधी पूर्ण भरू देत नाही.

४ नोव्हेंबर

पहिला आराखडा काढला. एका रेषेत: पॅनल, मग चार्ज कंट्रोलर, मग बॅटरी. कंट्रोलरवर सहा टर्मिनल आहेत, त्यांवर सूर्य, बॅटरी आणि बल्ब अशी तीन चित्रं. बल्बच्या टर्मिनलवर मी इन्व्हर्टर जोडला. चित्रच सांगतंय, इथे घरातलं सामान जोडा, असं मला वाटलं. ही या कामातली सर्वात मोठी चूक होती, ती पुढे १६ तारखेला कळली.

कोणता भाग काय करतो ते कागदाच्या कडेला लिहून ठेवलं. पॅनल ऊन पडेल तसा करंट देतं. त्याचं व्होल्टेज दिवसभर हलत राहतं आणि बॅटरीला ते थेट चालत नाही. चार्ज कंट्रोलर मध्ये उभा राहून दोन कामं करतो: पॅनलकडून जास्तीत जास्त शक्ती ओढतो आणि बॅटरीला सोसेल तेवढंच व्होल्टेज पुढे देतो. बॅटरी दिवसाचं रात्रीसाठी ठेवते. इन्व्हर्टर २४ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करतो.

पॅनल दोन, प्रत्येकी ३३५ वॅट. मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज ४६, काम करतानाचं ३८, आणि करंट ८.८ अँपिअर. कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे पॅनलकडून जास्तीत जास्त शक्ती ओढणाऱ्या प्रकारचा, ३० अँपिअरचा, आणि पॅनलच्या बाजूने जास्तीत जास्त १०० व्होल्ट सोसणारा.

दोन पॅनल सिरीजमध्ये लावायची की पॅरलल, यावर अख्खी संध्याकाळ गेली. सिरीजमध्ये ४६ अधिक ४६ म्हणजे ९२ व्होल्ट. शंभरच्या आत आहे, म्हणजे चालेल असं वाटतं. पण लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो आणि पॅनल गार असताना व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. पाच अंशांच्या पहाटे, ऊन नुकतं पडल्यावर, ते ९७ च्या वर जाईल. शून्याला जवळजवळ ९९. एवढ्या काठावर महागडा कंट्रोलर ठेवायचा नाही असं ठरवलं. मर्यादेपलीकडचं व्होल्टेज एकदाच आलं तरी तो जातो, फ्यूज त्याला वाचवू शकत नाही.

म्हणून पॅरलल. व्होल्टेज ४६ च राहील, करंट दुप्पट, १७.६ अँपिअर, म्हणून वायर जाड लागेल. कंट्रोलर १५० व्होल्टचा असता तर मी सिरीजच केलं असतं. आणखी एक: पॅरललमध्ये तीन किंवा जास्त पॅनल असती तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज लागला असता, कारण एकात बिघाड झाला की बाकीची सगळी मिळून त्यात करंट ढकलतात. दोनच असताना एकाचा बिघाड दुसऱ्या एकाच पॅनलचा करंट झेलतो, आणि तेवढा ते सोसतं.

९ नोव्हेंबर

पॅनल छतावर चढली. फ्रेम आणि स्टँड अर्थिंगला जोडले. छतापासून कंट्रोलरपर्यंत १४ मीटर, ६ स्क्वेअर एमएमची सोलर वायर.

आजची चूक: कंट्रोलरच्या आधी पॅनल तोडायला स्विच हवा म्हणून घरात पडलेला साधा एमसीबी लावला. तो एसीसाठीचा होता. वायरमन काका संध्याकाळी बघायला आले आणि त्यांनी हात लावण्याआधीच विचारलं, "हा डीसीला चालतो असं कुठे लिहिलंय का?" कुठेच नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना जी ठिणगी पडते ती शून्याच्या क्षणी आपोआप विझते. डीसीमध्ये शून्य येतच नाही. संपर्क दूर गेले तरी मधली ठिणगी जळत राहते, आणि पॅनलला ऊन असेपर्यंत तिला खाद्य मिळत राहतं. एमसीबीची खिटी खाली असेल, आत मात्र जाळ सुरू असेल.

तो काढला आणि डीसीसाठीच बनवलेला डबल पोल, म्हणजे अधिक-उणे दोन्ही तारा एकदम तोडणारा, ३२ अँपिअरचा आयसोलेटर मागवला. त्यात पाच दिवस गेले. डीसीचे काही ब्रेकर दिशा बघून लावावे लागतात. त्यांवर अधिक-उणे छापलेलं असतं, उलटं लावलं तर तेही ठिणगी विझवू शकत नाहीत. पॅनलचे एमसी-फोर कनेक्टरही उन्हात, करंट चालू असताना उपटायचे नाहीत. आधी आयसोलेटर बंद, मगच कनेक्टर.

१६ नोव्हेंबर

पहिल्यांदा सगळं जोडलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅटरी, मग पॅनल. कंट्रोलर जागा होतो बॅटरीवर, आणि आपण १२ व्होल्टच्या की २४ व्होल्टच्या साठ्याला जोडले गेलोय हे तो बॅटरीच्या व्होल्टेजवरूनच ओळखतो. पॅनल आधी जोडलं तर त्याला हा आधार नसतो. काही कंट्रोलर चुकीचं ओळखतात, काही बिघडतात. काढताना उलट: आधी पॅनल, शेवटी बॅटरी.

जोडण्याआधी प्रत्येक टोकावर मल्टिमीटर लावून अधिक-उणे तपासलं. पॅनलकडून ४३.५ व्होल्ट आले. लेबलपेक्षा कमी, कारण पॅनल तापलेली होती. बॅटरी २५.१. कंट्रोलरवर २४ व्होल्टचं चिन्ह आलं, पॅनल जोडल्यावर चार्जिंगचा बाण हलू लागला.

मग इन्व्हर्टरचा स्विच दाबला. क्षणभर हिरवा दिवा, आणि सगळं बंद. कंट्रोलरच्या पडद्यावर लोडच्या चित्राशेजारी बिघाडाची खूण. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इन्व्हर्टर खराब आला असं समजून मी दीड तास त्याच्यामागे घालवला. तो सरळ बॅटरीवर लावला तर व्यवस्थित चालू झाला.

दोष आराखड्यात होता. बल्बचं चित्र असलेलं लोड टर्मिनल या कंट्रोलरवर २० अँपिअरचं आहे. माझा इन्व्हर्टर ८०० वॅटचा. पूर्ण भाराला त्याला बॅटरीकडून किती हवं ते बघा:

```
८०० वॅट ÷ (२२ व्होल्ट × ०.८८) = सुमारे ४१ अँपिअर
```

बावीस व्होल्ट धरले कारण बॅटरी उतरलेली असताना करंट सर्वात जास्त लागतो. ०.८८ ही इन्व्हर्टरची कार्यक्षमता. म्हणजे लोड टर्मिनल जेवढं देऊ शकतं त्याच्या दुप्पट. शिवाय इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. चालू होताना ते क्षणभर कितीतरी पट करंट गिळतात, त्यामुळे एकही दिवा न लावता कंट्रोलरने दार बंद केलं. त्याने स्वतःला वाचवलं. सगळ्या कंट्रोलरमध्ये हे संरक्षण असेल असं धरून चालू नका.

म्हणून दुसरा आराखडा. एका रेषेतली साखळी हा विचारच सोडून दिला. मध्यभागी बॅटरी. तिच्या अधिक टोकाला एक तांब्याचा बसबार, म्हणजे बऱ्याच वायर एकत्र जोडायची जाड पट्टी, उण्याला दुसरा. कंट्रोलर एका बाजूने बसबारवर येतो आणि भरतो; इन्व्हर्टर दुसऱ्या बाजूने बसबारवर येतो आणि उपसतो. ते दोघे एकमेकांना जोडलेलेच नाहीत. दिवसा पंखा चालू असेल तर पॅनलचा करंट बसबारवरूनच थेट इन्व्हर्टरकडे जातो, उरलेला बॅटरीत. हे चित्र डोक्यात बसल्यावर पुढचे सगळे निर्णय सोपे गेले.

१७ नोव्हेंबर

फ्यूजचा दिवस. आधीच्या आराखड्यात मी फ्यूज इन्व्हर्टरजवळ दाखवला होता. काकांनी पेन्सिलने तो खोडून बॅटरीजवळ काढला. फ्यूज यंत्राला नाही, वायरला वाचवतो. धोक्याचा उगम बॅटरी आहे: तिच्या दोन टोकांत पाना पडला तर हजारो अँपिअर वाहू शकतात. फ्यूज जर वायरच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मधल्या वायरचं कव्हर फाटून शॉर्ट झाल्यावर तो काहीच करू शकत नाही.

म्हणून अधिकचा बसबार बॅटरीपासून वीतभर अंतरावर, झाकणासह, आणि दोन्ही फ्यूज त्याच बसबारवर. इन्व्हर्टरसाठी ६० अँपिअर (४१ च्या जवळजवळ दीडपट) आणि १६ स्क्वेअर एमएमची वायर. कंट्रोलरसाठी ४० अँपिअर. फ्यूजही डीसीचेच.

कंट्रोलर बॅटरीच्या अगदी वर लावणार होते, तेही बदललं. भरताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो आणि वर जातो. कंट्रोलर आता बाजूच्या भिंतीवर आहे, दीड मीटर लांब, आणि खोलीची वरची खिडकी उघडी राहते.

इन्व्हर्टर बसबारला जोडताना मोठी ठिणगी उडाली आणि लगवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, काळा डाग पडला. तेच कपॅसिटर. पुढच्या वेळी आधी एका रेझिस्टरमधून दोनेक सेकंद जोडून कपॅसिटर भरून घेतले, मग लग बसवला. ठिणगी नाही.

२३ नोव्हेंबर

आठवडाभर चालतंय. घराच्या वायरिंगला अजून हात लावलेला नाही. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून दोन पंखे, लॅपटॉप आणि राउटर. निरभ्र दिवशी दुपारी कंट्रोलरवर २२ अँपिअरपर्यंत चार्जिंग दिसतं. साडेअकराला बॅटरी भरत आल्याची खूण, दीडला फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर नुसती राखून ठेवणं. फारच लवकर भरते आहे असं वाटलं आणि बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

बरं वाटायला नको होतं. रात्री साडेनऊलाच इन्व्हर्टरचा बॅटरी कमी झाल्याचा इशारा वाजतो. हिशोबाप्रमाणे सकाळपर्यंत पुरायला हवं.

हायड्रोमीटर लावला. दिवसभर ऊन, कंट्रोलर म्हणतो बॅटरी पूर्ण भरली, आणि आम्लाची घनता १.१९. बॅटरीच्या लेबलप्रमाणे पूर्ण भरल्यावर १.२४ हवी. दोन्ही बॅटऱ्यांच्या सगळ्या कप्प्यांत जवळपास सारखीच, म्हणजे एखादा कप्पा मेलेला नाही. बॅटरी उपाशी आहे.

सर्वात आधी कंट्रोलरवरचा बॅटरीचा प्रकार तपासला. तो जेलवर होता, कारखान्यातून तसाच आला होता. पाण्याच्या लेड-अॅसिडवर केला: २८.८ व्होल्टपर्यंत भरायचं, मग २७.४ वर राखायचं. याने थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

मग दुपारी बाराला मल्टिमीटर घेतला. कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर २८.८. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर २८.३. अर्धा व्होल्ट वाटेतच हरवतो आहे. कंट्रोलर ते बसबार मी घरात असलेली अडीच एमएमची वायर वापरली होती, "दीड मीटर तर आहे" म्हणून. ती हाताला गरम लागत होती.

```
रोध = ०.०१७२ × ३ मीटर ÷ २.५ = ०.०२१ ओहम
घट  = ०.०२१ × २२ अँपिअर = ०.४५ व्होल्ट
```

तीन मीटर, कारण करंट जातो आणि परतही येतो. ०.०१७२ हा तांब्याचा आकडा, वायरचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये धरलं तर. उरलेलं लग आणि स्क्रूंमध्ये.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, माझा गोंधळ तिथेच होता. छतावरून येणाऱ्या वायरमध्ये पूर्ण उन्हात १.४ व्होल्ट पडतात, म्हणजे याच्या तिप्पट. तरी तिथे नुकसान म्हणजे पंचवीस वॅट वाया, एवढंच. एमपीपीटी उरलेल्यातून आपलं काम करतो. पण बॅटरीच्या बाजूला कंट्रोलर व्होल्टेज बघून निर्णय घेतो, आणि तो बघतो स्वतःच्या टर्मिनलवर. त्याला २८.८ दिसले की बॅटरी भरत आली असं मानून तो करंट आखडता घेतो आणि दोन तासांचं घड्याळ सुरू करतो. खऱ्या बॅटरीला अजून तो टप्पा आलेलाच नसतो. करंट कमी होत जातो तशी वायरमधली घटही कमी होते, हे खरं, पण घड्याळ थांबत नाही. दोन तास संपले की फ्लोट. पॅनलमध्ये शक्ती असते, बॅटरीत जागा असते, आणि मधला माणूस दोघांनाही सांगतो की काम झालं.

चौदा दिवस बॅटऱ्या अर्ध्यापोटी राहिल्या. लेड-अॅसिड अशी राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट होत जातं, म्हणून ही चूक केवळ वेळेची नव्हती.

७ डिसेंबर

कंट्रोलर ते बसबार १० स्क्वेअर एमएमची वायर घातली. आता २२ अँपिअरला फरक ०.१२ व्होल्ट. खरं तर अडीच एमएमच्या वायरवर ४० अँपिअरचा फ्यूज ही दुसरी चूकही आपोआप सुटली. ती वायर फ्यूज उडण्याआधी स्वतः जळाली असती.

बॅटऱ्यांना एकदा इक्वलायझेशन दिलं, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या व्होल्टेजला ठरावीक वेळ भरणं. हे बॅटरीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, आणि फक्त पाणी घालता येणाऱ्या बॅटरीला. या वेळात लोड बंद, खिडक्या उघड्या, नंतर डिस्टिल्ड वॉटर पातळीपर्यंत. तीन निरभ्र दिवसांनी घनता १.२३ ते १.२४. फ्लोट आता दीडऐवजी पावणेचारला येतो. लवकर भरणारी बॅटरी दिसली तर खूश होण्याआधी तिच्या टोकांवर मीटर लावा.

१४ डिसेंबर

ड्रिल मशीन चालवलं, पाचशे वॅटच्या आसपास, आणि इन्व्हर्टर पुन्हा बॅटरी कमी म्हणून ओरडला. या वेळी बॅटरी भरलेली होती, भाराखाली तिच्या टोकांवर २३.८ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या टोकांवर २१.९.

या वेळी वायरचा संशय घेतला नाही. १६ एमएम, सव्वा मीटर, हिशोबाने तिथे ०.१ व्होल्टही पडायला नकोत. ड्रिल चालू ठेवायला घरातल्या एकाला बसवलं आणि मल्टिमीटरची एक पिन वायरच्या उघड्या तांब्यावर, दुसरी लगवर, असं एकेक जोड तपासत गेले. सगळीकडे शून्याच्या आसपास, आणि उणे बाजूच्या एका लगवर १.६ व्होल्ट. त्या जोडातून २४ अँपिअर जात होते:

```
१.६ व्होल्ट × २४ अँपिअर = ३८ वॅट
```

म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, नखाएवढ्या जागेत. वायरचं कव्हर तिथे मऊ पडून चकाकत होतं. हा लग मी पहिल्या दिवशी पकडीने दाबला होता. वरून घट्ट दिसतो, ओढला तरी निघत नाही, पण आत तारांमध्ये पोकळी राहते. हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल एका दिवसासाठी मागून आणलं आणि सगळे लग पुन्हा केले, चांगले वाटत होते तेही. कापून पाहिला तर जुन्या लगमधल्या तारा सुट्या, नव्यातल्या दाबून एकजीव. आता पूर्ण वाटेत घट ०.१५.

जोड तपासण्याची ही रीत मला सगळ्यात उपयोगी वाटली. रोध मोजून काही कळत नाही, साध्या मीटरला इतका कमी रोध दिसतच नाही. भार चालू ठेवून जोडाच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मोजायचं.

२१ डिसेंबर

एसीची बाजू. हे काम काकांनी केलं, मी नाही, आणि परवाना नसलेल्या कुणी करूही नये.

माझ्या तिसऱ्या आराखड्यात ग्रिड आणि इन्व्हर्टर यांत अदलाबदल करणारा चेंजओव्हर स्विच फक्त फेज बदलत होता. न्यूट्रल मी घराच्या नेहमीच्या न्यूट्रल पट्टीवरच ठेवला होता, ग्रिड आणि इन्व्हर्टर दोघांसाठी एकच. दिवे लागले असते. पण इन्व्हर्टरचं आउटपुट न्यूट्रलमधून ग्रिडला कायमचं बांधलं गेलं असतं. बरेच इन्व्हर्टर त्याने जळतात आणि विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. काका म्हणाले, "फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्रच बदलले पाहिजेत. अर्धं घर इकडे नि अर्धं तिकडे ठेवू नकोस."

चौथा आराखडा: दिवे आणि पंखे यांची सर्किटं वेगळ्या छोट्या बोर्डावर, त्यांचे न्यूट्रलही वेगळे केले, आणि मध्ये डबल पोल चेंजओव्हर, ज्याला एका वेळी एकच बाजू देता येते. इन्व्हर्टरची वीज बाहेरच्या लाइनवर कधीच जाता कामा नये. तिथे पुरवठा बंद करून काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी ते थेट जोडलेलं आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांचा संबंध इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिला होता तसाच केला. तो प्रत्येक इन्व्हर्टरला वेगळा असतो, दुसऱ्याचं बघून करू नका.

न्यूट्रल वेगळे करायला सबंध दिवस गेला. जुन्या वायरिंगमध्ये कोणता न्यूट्रल कुठला हे शोधणं हेच खरं काम होतं.

४ जानेवारी

दोन आठवड्यांच्या वाचनांवरून एक गळती सापडली. सगळं बंद केलं, एकही दिवा नाही, तरी इन्व्हर्टर चालू असेपर्यंत क्लॅम्प मीटरवर बॅटरीतून ०.६ अँपिअर जाताना दिसतात. पंधरा वॅट. चोवीस तासांत ३६० वॅट-तास, दोन्ही पंख्यांच्या निम्म्याहून जास्त. माझ्या २ नोव्हेंबरच्या हिशोबात हे नव्हतंच. तेव्हाचे १,२२५ इन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेने भागले तर सुमारे १,३९०, त्यात हे ३६० मिळवले तर १,७५०. बॅटरीच्या हाताशी असलेल्या साठ्याला टेकलेलं. एक ढगाळ दिवस आला की संपलं.

इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवण्याचं कारण एकच होतं, राउटर. म्हणून ज्या लोड टर्मिनलवरून मी पहिल्या दिवशी चुकले, त्याच टर्मिनलला त्याचं खरं काम दिलं. तिथून ५ अँपिअरचा फ्यूज, मग २४ वरून १२ करणारा छोटा कन्व्हर्टर, मग राउटर. कन्व्हर्टर लागतोच, कारण लोड टर्मिनलवर बॅटरीचंच व्होल्टेज असतं, भरताना २८.८ पर्यंत. राउटर त्यावर जळेल. कन्व्हर्टर न घेता दोनांपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची कल्पनाही मनात आली होती. ती सोडली, कारण तीच एक बॅटरी रोज जास्त उतरेल आणि सिरीजमधला तोल बिघडेल.

या टर्मिनलचा आणखी एक फायदा: बॅटरी ठरवलेल्या पातळीखाली गेली की कंट्रोलर स्वतः लोड तोडतो. इन्व्हर्टर आता संध्याकाळी सहा ते सकाळी सहा एवढाच चालतो.

शेवटचा आराखडा, भिंतीवर चिकटवलेला:

```
पॅनल १ ∥ पॅनल २
   │ ६ चौ. मिमी, १४ मी.
डीसी आयसोलेटर ३२ अँ. (डबल पोल)
   │
चार्ज कंट्रोलर ── लोड ─ ५ अँ. ─ २४/१२ ─ राउटर
   │ १० चौ. मिमी
४० अँ. फ्यूज
   │
बसबार ═══ बॅटरी २४ व्होल्ट
   │
६० अँ. फ्यूज
   │ १६ चौ. मिमी
इन्व्हर्टर ─ चेंजओव्हर (डबल पोल) ─ दिवे, पंखे
```

फ्यूज अधिक बाजूला, बसबारला लागून. प्रत्येक वायरची जाडी रेषेवर लिहिलेली. माझ्या पहिल्या तीन आराखड्यांत जाडी कुठेच नव्हती, आणि ती अडीच एमएमची वायर तिथूनच आत शिरली.

१८ जानेवारी

काल दिवसभर ढग होते, कंट्रोलरवर सहा अँपिअरच्या वर आकडा गेला नाही. आज सकाळी सहाला, इन्व्हर्टर बंद करून अर्ध्या तासाने, बॅटरी २४.५ व्होल्ट. इशारा वाजला नाही. घनता दर रविवारी मोजायची, आणि लगचे बोल्ट तीन महिन्यांनी पुन्हा आवळायचे. पहिली तारीख १४ मार्च लिहून ठेवली आहे.